नफा कागदावर, पैसे कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात यंदा गुंतवणूक मंडळ सुरू झालं. पहिल्या बैठकीचं उद्घाटनाचं भाषण मी करावं, असं प्राचार्यांचं म्हणणं होतं. मी सनदी लेखापाल आहे. आंबा बागायतदार, काजूवाले, मासळीचे व्यापारी यांचे हिशेब तपासण्यात माझं वर्ष जातं. शेअर बाजार शिकायचा तर सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. किमतीचा आलेख नंतर बघा, आधी कंपनीची रोकड वाचायला शिका. म्हणून मी जाताना एका नोंदणीकृत कंपनीच्या वार्षिक अहवालातली चार पानं झेरॉक्स करून नेली. नाव झाकलं आणि आकडे सोपे व्हावेत म्हणून ढोबळ केले.

जुलैचा पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की माइक असूनही मला आवाज चढवून बोलावं लागत होतं. औपचारिक दोन वाक्यं झाली आणि मी थेट कागद वाटले. पहिल्या पानावर नफा-तोटा पत्रक. तीन वर्षांत विक्री ८० कोटींवरून १३० कोटींवर गेलेली, निव्वळ नफा ६ कोटींवरून ११ कोटींवर. मी विचारलं, "कंपनी कशी वाटते?" बहुतेक हात वर गेले. एकाने तर "घेऊन टाकायची, मॅडम" असंही सांगितलं.

मग दुसरं पान उघडायला लावलं. तिथे कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे रोख प्रवाह पत्रक होतं. त्याचे तीन भाग असतात. रोजच्या धंद्यातून आलेली रोकड, मालमत्तेत घातलेली किंवा ती विकून आलेली रोकड, आणि कर्ज-भांडवलाची रोकड. मी त्यांना फक्त पहिल्या भागाची शेवटची ओळ बघायला सांगितली. नफा ११ कोटी दाखवणाऱ्या त्याच वर्षी तिथे उणे ७ कोटी होते.

वर्ग गप्प झाला. छपाईची चूक असेल, असं कुणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांची हापूसची बाग आहे. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे असंच असतं. वाशीहून पट्टी मे महिन्यात येते, पैसे कधीकधी गणपतीला येतात."

पुढचा अर्धा तास मी त्या पट्टीवरच बोलले, कारण याहून चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. दलालाकडून येणाऱ्या पट्टीवर पेट्यांची संख्या, मिळालेला दर, त्यातून भाडं, हमाली, दलाली वजा जाता राहिलेली रक्कम असं सगळं लिहिलेलं असतं. माल गेला, दर ठरला, म्हणजे हिशेबाच्या नियमाने विक्री झाली आणि नफाही झाला. फवारणीवाल्याचे आणि राखणदाराचे पैसे मात्र रोख द्यावे लागतात, तिथे पट्टी चालत नाही. मी त्या मुलीला विचारलं, "मग मधल्या काळात बाबा काय करतात?" ती म्हणाली, "सोसायटीचं कर्ज असतं."

तेच त्या कंपनीचं झालं होतं. फळ्यावर एकेक आकडा मांडला. नफा ११ कोटी. त्यात घसाऱ्याचे ४ कोटी परत मिळवायचे, कारण तो खर्च कागदावरचा, रोकड बाहेर गेलेली नाही. पुरवठादारांची देणी २ कोटींनी वाढली, म्हणजे तेवढे पैसे तूर्त आपल्याकडेच राहिले. झाले १७. आता ग्राहकांकडची येणी बघा. ती एका वर्षात २८ कोटींवरून ५२ कोटींवर गेली. हे वाढलेले २४ कोटी विक्रीत धरले, पण हातात आले नाहीत. १७ मधून २४ वजा, उरले उणे ७. तिसऱ्या भागात बँकेचं कर्जही वाढलेलं दिसतच होतं.

मग येणी किती दिवसांची, हे काढायला लावलं. येणी भागिले विक्री, गुणिले ३६५. पहिल्या वर्षी १६ कोटी येणी आणि ८० कोटी विक्री, म्हणजे ७३ दिवस. तिसऱ्या वर्षी १४६ दिवस. उधारीची मुदत दुप्पट झाली होती. मला यातून एकच संशय येतो, माल खपवण्यासाठी कंपनी वाटेल त्याला उधार देते आहे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्यासाठी चौथं पान होतं, येण्यांच्या वयाचा तक्ता. २०२१-२२ पासून कंपन्यांना तो टिपांमध्ये द्यावाच लागतो. सहा महिन्यांच्या आतली येणी किती, वर्षावरची किती, तीन वर्षांवरची किती, वादातली किती. जुन्या रकान्यात रक्कम वाढत असेल तर ते पैसे कधीतरी बुडीत लिहावे लागणार आणि आज दाखवलेला नफा तेव्हा पुसला जाणार.

मागून एका मुलाने चांगला प्रश्न विचारला. त्याने फोनवर एका बँकेचा अहवाल उघडला होता आणि तिथेही पहिला भाग उणे होता. बँकेला ही कसोटी लावू नये, हे मी स्पष्ट सांगितलं. कर्ज देणं हाच तिचा धंदा, त्यामुळे वाढणाऱ्या बँकेची रोकड उणे दिसू शकते. तिथे थकीत कर्जं बघायची. झपाट्याने वाढणाऱ्या चांगल्या कंपनीचंही एखादं वर्ष उणे जातं. म्हणून पाच वर्षांची बेरीज करायची. पाच वर्षांचा नफा एका बाजूला, पाच वर्षांची धंद्यातली रोकड दुसऱ्या बाजूला. रोकड नफ्याच्या खूप मागे असेल तर कारण सापडेपर्यंत पैसे घालू नयेत.

"पण मॅडम, रोकडच खोटी असेल तर?" हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. मी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट सांगितली. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. त्यावरचं ३७६ कोटींचं व्याजही काल्पनिक होतं. म्हणजे व्याजाशी ताळा घेऊनही घरी बसलेल्या वाचकाला काही कळलं नसतं. बँकेची कागदपत्रंच बनावट होती. लेखापरीक्षकाने शिल्लक थेट बँकेकडून, कंपनीचा हात न लागता, खात्री करून घेणं किती महत्त्वाचं, हे मी माझ्या पेशाची बाई म्हणून ठासून सांगितलं.

एक खूण मात्र बाहेरच्यांनाही दिसली. डिसेंबर २००८ मध्ये या कंपनीने प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर कंपनीने आपली रोकड घरच्याच जमीन-बांधकामाच्या कंपन्यांत का घालावी? गुंतवणूकदार खवळले आणि व्यवहार मागे घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असं राजूंनीच पत्रात लिहिलं. पत्रकाचा दुसरा भाग, म्हणजे रोकड कुठे गेली, यासाठीच वाचायचा.

बैठक संपताना मंडळाने काम वाटून घेतलं. चार-चार जणांचा गट, प्रत्येकाला एक कंपनी, तीही बँक किंवा वित्तसंस्था नसलेली. अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पाच वर्षांचा नफा, पाच वर्षांची रोकड, दरवर्षीच्या मार्चअखेरीची येणी एवढंच एका कागदावर मांडायचं. मार्चअखेरीला बिलं बँकेत वटवून येणी तेवढ्यापुरती कमी दाखवता येतात, म्हणून सप्टेंबरच्या सहामाही ताळेबंदातली येणीही शेजारी लिहायची. आंब्याच्या बागेतली ती मुलगी गटप्रमुख झाली. तिने निवडलेली कंपनी मासळी निर्यातीची आहे.