एकाच ‘आ’ची दोन चित्रे

आपल्या आवाजातील एका स्वराची उच्चनीचता कानाची मदत न घेता, केवळ चित्रावरून सांगता यावी, या हेतूने मी एका संथ, स्थिर ‘आ’चे ध्वनिमुद्रण केले आणि ते Audacity या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. पहिल्या चित्रात, म्हणजे तरंगरूपात, मला सुरुवातीला एक जाड निळा पट्टा तेवढा दिसला. त्याची उंची म्हणजे आयाम. आवाजाचा जोर कोठे वाढला आणि कोठे कमी झाला, हे त्यावरून लगेच कळत होते. उच्चनीचतेचा मात्र मागमूस नव्हता, कारण ती पट्ट्याच्या आत, काही मिलिसेकंदांच्या अंतरात दडलेली असते.

चित्र खूप मोठे केल्यावर रेषेचे चढउतार वेगळे दिसू लागले. मी एका शिखरापासून लगतच्या शिखरापर्यंतचे अंतर मोजले, ते सुमारे 1.3 मिलिसेकंद भरले, आणि त्यावरून वारंवारता साधारण 750 हर्ट्झ निघाली. हे उत्तर उघडच चुकीचे होते, कारण मी बराच खालच्या स्वरात गायलो होतो. पुन्हा निरखून पाहिले, तेव्हा ही शिखरे सारख्या उंचीची नाहीत, एक उंच शिखर येते, त्यामागून उतरत्या उंचीची पाच येतात आणि मग तीच आकृती पहिल्यापासून सुरू होते, हे ध्यानात आले. मोजायची होती ती ही संपूर्ण आकृती. अशा दहा आकृत्यांना 80 मिलिसेकंद लागले, म्हणजे एकीला 8 मिलिसेकंद, आणि 1000 ला 8 ने भागून 125 हर्ट्झ हे खरे उत्तर मिळाले. एकाऐवजी दहा आवर्तने मोजल्याने टोक नेमके कोठे धरायचे यातली चूकही दहा भागांत विभागली गेली.

मग ती मधली शिखरे कशाची, हा प्रश्न उरला, आणि त्यासाठी मी Spectrogram हे दुसरे चित्र लावले. त्यात आडव्या दिशेने काळ, उभ्या दिशेने वारंवारता आणि रंगाच्या तेजातून त्या त्या वारंवारतेचा जोर दिसतो. Window size, म्हणजे एका वेळी तपासल्या जाणाऱ्या तुकड्यातील नमुन्यांची संख्या, 2048 असताना 125, 250, 375, 500 अशा समान अंतरावर आडव्या रेषांची शिडी उभी राहिली. सर्वांत खालची रेषा मूळ स्वराची आणि वरच्या सगळ्या अधिस्वरांच्या. त्यांतली सर्वांत तेजस्वी होती 750 हर्ट्झची, म्हणजे माझ्या फसव्या मोजणीचे मूळ तेथेच होते: ‘आ’ म्हणताना मुखपोकळी त्या सुमाराच्या अधिस्वराला बळ देते. त्याच स्वरात ‘ई’ म्हटल्यावर शिडीच्या पायऱ्या जागच्या जागी राहिल्या; तेज मात्र तळाच्या दोन-तीन रेषांकडे आणि वर 2200 हर्ट्झच्या आसपास गेले. तरंगरूपातही हा बदल आकृतीच्या वळणात दिसतो, पण कोणता अधिस्वर किती, हे त्या वळणावरून नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

मी Window size 256 केली, तेव्हा ही शिडी नाहीशी झाली. एवढ्या छोट्या तुकड्यात, म्हणजे सुमारे 5.8 मिलिसेकंदांत, स्वराचे एक पूर्ण आवर्तनही मावत नाही. त्यामुळे 125 हर्ट्झच्या अंतरावरील रेषा एकमेकींत मिसळतात, आणि त्यांच्या जागी दर 8 मिलिसेकंदांनी एक अशा उभ्या रेघा उमटतात. माझ्या मते स्पेक्ट्रोग्राम वाचण्यापूर्वी ही संख्या पाहिलीच पाहिजे, कारण आवाज तोच असून चित्र पूर्ण पालटते.

आवाजाच्या जोराबाबत मला तरंगरूप अधिक सरळ वाटले. ध्वनिमुद्रणाचा आयाम निम्मा केला, तर पट्ट्याची उंची निम्मी झाली. स्पेक्ट्रोग्राममध्ये मात्र रंग जेमतेम मंदावले, कारण तेथील रंगपट्टी 80 डेसिबलची होती आणि आयाम निम्मा होणे म्हणजे केवळ सुमारे 6 डेसिबलची घट. याउलट, मी खरोखर जोर लावून गायलो, तेव्हा वरचे अधिस्वर खालच्यांपेक्षा अधिक उजळले, आणि ही गोष्ट पट्ट्याच्या उंचीत कोठेच दिसत नव्हती.

शेवटी High-Pass Filter वापरून मी 300 हर्ट्झखालचा भाग कापला. 125 ची रेषा पुसली गेली, 250 ची फिकट झाली. तरी आवाज पातळ होऊनही त्याच स्वरात ऐकू आला. तरंगरूपाचे वळण बदलले होते, पण आकृती अजूनही दर 8 मिलिसेकंदांनीच परतत होती आणि उरलेल्या रेषांमधले अंतर 125 हर्ट्झच होते. तेव्हापासून मी स्पेक्ट्रोग्रामवर सर्वांत खालची किंवा सर्वांत तेजस्वी रेषा न शोधता, शेजारच्या दोन रेषांमधले अंतर मोजतो.