तळाच्या ओळीतलं नाव

संध्याकाळी सातच्या सुमारास वृत्तसंपादकांनी पहिल्या पानाचा आराखडा टेबलावर पसरला आणि आमच्या बातमीच्या मधोमध एक चौकोन मोकळा सोडला. "इथे टिपणीचा फोटो. कागद दिसला की लोकांचा विश्वास बसतो," ते म्हणाले. म्हणणं रास्त होतं. ग्रामीण रुग्णालयांसाठी झालेल्या औषध खरेदीची ती बातमी होती. लेखा शाखेने दरांवर लेखी आक्षेप घेतला होता आणि तो बाजूला ठेवून खरेदीला मंजुरी दिली गेली होती. असा आरोप छापायचा तर पुरावा दाखवावा, असं कुणालाही वाटेल. मी मात्र तो चौकोन काढून टाका म्हणून अडून बसलो.

कागद एका पाकिटातून आले होते. आत एक मेमरी कार्ड होतं, त्यात नस्तीची, म्हणजे खरेदीच्या सरकारी फाइलीची, पीडीएफ, आणि सोबत दरांच्या तुलनात्मक तक्त्याची दोन रंगीत छापील पानं. ज्या व्यक्तीने ते दिले तिच्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. कार्ड ऑफिसच्या कुठल्याही संगणकाला लावलेलं नव्हतं. तिथे एकदा उघडलेली फाइल अलीकडच्या फाइलींच्या यादीत राहते, रात्रीच्या बॅकअपमध्ये जाते, क्लाउडवर चढते, आणि मग तिच्या किती प्रती कुठे आहेत हे आपल्याला सांगता येत नाही. अशा कामासाठी मी एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवला आहे. त्यातलं वायफाय कार्ड काढलेलं आहे आणि तो कधीच नेटला जोडला जात नाही.

वृत्तसंपादकांना आणि पान लावणाऱ्या सहकाऱ्याला मी त्या लॅपटॉपसमोर बसवलं. सरकारी ई-ऑफिसमधून उतरवून घेतलेल्या पीडीएफच्या पानांवर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ येते. `Generated from eOffice by` अशी तिची सुरुवात असते आणि पुढे ज्याच्या लॉगिनने फाइल उतरवली त्याचं नाव, पदनाम, तारीख आणि वेळ. आमच्या पानांवर ती ओळ होती.

"एवढंच ना? मी काळी पट्टी टाकतो," सहकारी म्हणाला.

"टाक. नेहमी टाकतोस तशीच टाक," मी म्हटलं.

त्याने लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये पान उघडलं, त्या ओळीवर काळा चौकोन ओढला आणि नवी पीडीएफ तयार केली. दिसायला पान स्वच्छ होतं. मग पीडीएफमधला नुसता मजकूर बाहेर काढण्यासाठी मी एवढंच टाइप केलं:

```
pdftotext zakleli.pdf -
```

टिपणीचा मराठी मजकूर मोडक्यातोडक्या अक्षरांत स्क्रीनवर आला. शेवटी ती इंग्रजी ओळ मात्र नावासकट अगदी सुवाच्य उमटली. चौकोन मजकुराच्या वर बसला होता, खालचा मजकूर फाइलमध्ये जसाच्या तसा होता. आमचा ई-पेपर पीडीएफमध्ये निघतो. म्हणजे सकाळी कुणीही त्या पट्टीवर माउस फिरवून कॉपी केलं असतं तरी नाव हातात आलं असतं. पानाचा तळ क्रॉप केला तरी तोच धोका असतो, कारण बहुतेक प्रोग्रॅम क्रॉप केलेला भाग नुसता लपवतात, पुसत नाहीत. पान आधी चित्रात बदलायचं, त्या चित्रावर पट्टी टाकून पुन्हा चित्र म्हणूनच जतन करायचं, तर मजकूर खरोखर जातो.

ते नाव कागद देणाऱ्या व्यक्तीचं होतं की नाही, हे मी त्या दोघांनाही सांगितलं नाही. साहेबांच्या लॉगिनवर त्यांचे सहायक काम करतात, हे सरकारी कार्यालयात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. नाव छापलं गेलं असतं तर एक तर आपला माणूस अडकला असता, नाही तर ज्याला यातलं काहीच माहीत नाही असा एखादा कारकून निलंबित झाला असता. दुसरी शक्यता मला पहिलीइतकीच भयंकर वाटते.

"मग रंगीत तक्ता घेऊ, त्यावर तर ओळ नाही," वृत्तसंपादक म्हणाले.

मी दिवा बंद केला आणि निळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी पानावर तिरकी धरली. पांढऱ्या मोकळ्या जागेत बारीक काळपट ठिपके दिसू लागले, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर पिवळ्या ठिपक्यांची अशी जाळी छापतात. साध्या उजेडात पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही, निळ्या उजेडात ते गडद होतं. त्या जाळीत प्रिंटरचा अनुक्रमांक आणि बऱ्याचदा छपाईची तारीख-वेळही असते. एका झेरॉक्स मॉडेलची ही खूण इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2005 साली उलगडून दाखवली होती. कृष्णधवल झेरॉक्स काढली की पिवळे ठिपके बहुतेक उडतात, पण घडी, स्टेपलरची छिद्रं, प्रिंटरच्या ड्रमवरचा ओरखडा, कुणीतरी पेनने केलेली खूण हे सगळं प्रतीत उतरतं. आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून पान निर्धोक असंही नाही, खुणा करण्याच्या दुसऱ्या पद्धतीही आहेत.

रिअॅलिटी विनरचं प्रकरण मी त्यांना तेव्हाच सांगितलं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या या तरुणीने अमेरिकी निवडणुकीतल्या रशियाच्या सायबर हल्ल्यांबद्दलचा एक अहवाल छापून द इंटरसेप्ट या वृत्तसंस्थेला टपालाने पाठवला. 5 जून 2017 ला बातमी आली, आणि छापलेल्या प्रतीवरच्या ठिपक्यांतून 9 मे ही छपाईची तारीख बाहेरच्या लोकांनी वाचून दाखवली. तेव्हापासून 'ठिपक्यांनी पकडून दिलं' असंच सगळीकडे सांगितलं जातं. पण तिला बातमी येण्याच्या दोन दिवस आधीच अटक झाली होती. खरेपणा तपासण्यासाठी वार्ताहरांनी कागदाची प्रत सरकारकडेच दिली होती. प्रतीवर घडी दिसत होती, म्हणजे हा अहवाल कुणीतरी छापून बाहेर नेला. तो छापणारे फक्त सहा जण निघाले. त्यांतल्या एकीच्या कार्यालयीन संगणकावर त्याच वृत्तसंस्थेशी झालेला ईमेल सापडला. तिला 63 महिन्यांची शिक्षा झाली. माझ्या मते या प्रकरणात लक्षात ठेवायचा आकडा सहा हा आहे. हा कागद किती जणांच्या हाती होता, हे आधी विचारायला हवं. ठिपक्यांचा विचार त्यानंतर.

आमच्या नस्तीची शेवटची टिपणी ताजी होती. ई-ऑफिसमध्ये नस्ती कुणाकडून कुणाकडे कधी गेली याची नोंद राहते, त्यामुळे ते पान किती डोळ्यांनी पाहिलं असेल याचा अंदाज बांधता येत होता, आणि तो फारच लहान होता. आधीची पानं मात्र बऱ्याच टेबलांवरून फिरली होती. बातमीतलं सगळ्यात धारदार वाक्य नेमकं शेवटच्या पानावर होतं. मंजुरी देताना मारलेला तो एक ओळीचा शेरा मी बातमीतून काढला. तो शब्दशः छापणं सोडाच, त्याचा आशयही दिला नाही. संपादकांनाही ते जड गेलं, मलाही गेलं. उरलेल्या बातमीत नस्तीतलं एकही वाक्य अवतरणात ठेवलं नाही, कारण वेगवेगळ्या लोकांना शब्द किंचित बदलून प्रती देण्याची युक्ती जुनी आहे. छापलेला एखादा शब्द सरळ एका टेबलाकडे बोट दाखवू शकतो.

मग बातमी उभी राहिली कशावर? निविदा आणि तिचा निकाल महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर होता, तो कुणीही पाहू शकतं. त्याच औषधांचे दुसऱ्या खरेदीतले दरही जाहीर होते. नस्तीने आम्हाला कुठे पाहायचं ते सांगितलं, आकडे आम्ही उघड कागदांतून घेतले.

प्रतिक्रियेसाठी मी संबंधित अधिकाऱ्यांना फोन केला, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "तुमच्याकडे कागद आहे का? व्हॉट्सअॅपवर टाका, पाहून लगेच सांगतो." बोलण्यात राग नव्हता, उलट मदतीचाच सूर होता.

"साहेब, निविदेतल्या दरांबद्दलचे प्रश्न लिहून पाठवतो. त्याचं उत्तर द्या, जसंच्या तसं छापतो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा दोनदा कागद मागितला. आक्षेप घेतला गेला होता का, एवढाच प्रश्न मी नस्तीबद्दल ठेवला आणि तोही तारीख न देता. उत्तर आलं की सर्व प्रक्रिया नियमानुसार झाली. ते आम्ही छापलं.

रात्री वृत्तसंपादकांनी मला एक प्रश्न बाजूला घेऊन विचारला. पोलिसांनी विचारलं तर आपल्याला कायद्याचं संरक्षण आहे ना? मी सांगितलं की आहे, पण फार अरुंद. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम 15 नुसार कौन्सिल पत्रकाराला सूत्राचं नाव सांगायला भाग पाडू शकत नाही, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच. न्यायालयात किंवा पोलिसांपुढे ती ढाल चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली कागदच नव्हे, फोन आणि लॅपटॉपही हजर करायला सांगता येतात. मोबाइल कंपन्या कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला कधी फोन झाला ही नोंद किमान दोन वर्षं ठेवतात. बोलणं काय झालं हे त्यात नसतं, पण बातमीच्या आदल्या आठवड्यात पत्रकाराला फोन करणारा कर्मचारी कोण, एवढं त्यातून सहज निघतं. म्हणून कागद देणाऱ्या व्यक्तीत आणि माझ्यात एकही साधा कॉल झाला नव्हता, एसएमएस नव्हता. जो काही निरोप होता तो सिग्नल अॅपवर, समोरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या फोनवरून, कार्यालयाच्या वायफायवर नसताना, आणि एका दिवसात आपोआप पुसला जाईल असा. अमेरिकेत 2016 साली सिग्नलला न्यायालयीन समन्स आलं, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. पण संदेशाचा स्क्रीनशॉट कुणी काढला, किंवा लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर संदेश झळकला, तर सिग्नल काहीच करू शकत नाही. पडद्यावरच्या सूचना बंद करायला मी समोरच्या व्यक्तीला सुरुवातीलाच सांगितलं होतं.

कार्डचा निर्णय आम्ही पान सोडण्याआधी, वकिलांशी बोलून घेतला. नोटीस आल्यानंतर कागद नष्ट करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे ठेवायचं की नाही हे त्याआधीच ठरवावं लागतं. अब्रुनुकसानीचा दावा झाला तर आमचा बचाव जाहीर निविदांवर उभा होता, नस्तीवर नव्हता. मेमरी कार्डवरची फाइल डिलीट केली तरी परत काढता येते, म्हणून त्याची चिप कात्रीने तुकडे करून टाकली. रंगीत पानं जाळली.

मोकळ्या चौकोनात शेवटी दरांचा तक्ता गेला, आमच्या कलाकाराने नव्याने काढलेला. खाली स्रोत म्हणून निविदेचा क्रमांक. बातमी आली त्याच दिवशी मी माहिती अधिकारात पूर्ण नस्तीची प्रत मागितली. आधी अर्ज केला असता तर आम्ही कशाच्या मागे आहोत ते कळलं असतं. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, पण शेवटच्या पानाशिवाय. प्रथम अपिलात ते पानही मिळालं, माहिती अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यासह, आणि तो एक ओळीचा शेरा आम्ही फोटोसकट पहिल्या पानावर छापला.