एकादशीची खिचडी आणि मिक्सरचं भांडं: पालकांना पत्र

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात, एकादशीच्या संध्याकाळी, आपल्या वसतिगृहातल्या आठवीच्या एका मुलीला जेवणानंतर रुग्णालयात न्यावं लागलं. ती आता ठणठणीत आहे. बऱ्याच पालकांनी त्याबद्दल विचारलं. फोनवर प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा नेमकं काय झालं आणि त्यानंतर स्वयंपाकघरात काय बदललं, ते एकदाच लिहिते.

या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि तशी नोंद आमच्याकडे होती. त्या दिवशी एकशेवीस मुलींसाठी आठ किलो साबुदाण्याची खिचडी होती, म्हणजे चार किलो दाण्याचं कूट. तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात भगर केली. भगरीबरोबर एरवी दाण्याची आमटी असते, म्हणून तिला दही आणि तुपातली बटाट्याची भाजी दिली. दुपार नीट गेली. रात्री थालीपीठ आणि कोथिंबिरीची हिरवी चटणी होती. चटणीत दाणे नव्हते. तरीही दहा मिनिटांत तिच्या ओठांभोवती गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला आणि उलटी झाली.

आमचा पहिला संशय भाजणीवर गेला. पण भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि धने-जिरे एवढंच होतं, आणि तेच थालीपीठ तिने आधी चारदा खाल्लेलं होतं. दुसऱ्या दिवशी मिक्सरचं भांडं उलटं करून पातं सोडवलं, तेव्हा रबरी वायसरच्या कडेला तपकिरी लगदा चिकटलेला दिसला. सकाळी त्याच भांड्यात कूट केलं होतं. मावशींनी ते दोनदा विसळलं होतं, पण कूट तेलकट असतं. नुसत्या पाण्याने ते निघत नाही, पात्याखाली जाऊन बसतं. चटणी वाटताना पाणी घातलं तसा तो लगदा सुटून चटणीत उतरला. चिमूटभरही नसेल, पण काही मुलांना तेवढंही पुरतं. दाणे भाजले की त्रास कमी होतो असं काही पालकांनी मला सांगितलं. तसं होत नाही. भाजल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी करणारी प्रथिनं नष्ट होत नाहीत.

दुसरी चूक जेवणाच्या हॉलमध्ये झाली. गांधी दिसल्यावर तिला सेट्रिझिनची गोळी दिली आणि 'बघू, उतरेल' म्हणून पंधरा मिनिटं थांबलो. त्या गोळीने खाज कमी होते, पण घसा सुजणं किंवा श्वास अडकणं तिने थांबत नाही. त्यासाठी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनालीनचं इंजेक्शन लागतं. ते तिला ग्रामीण रुग्णालयात मिळालं. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. आता आमचा नियम असा: ॲलर्जीची नोंद असलेल्या मुलीच्या अंगावर गांधी आणि त्यासोबत खोकला, उलटी, आवाज बसणं किंवा चक्कर यांपैकी एक जरी दिसलं, तरी १०८ ला फोन आधी, पालकांना नंतर. मुलीला आडवं करून पाय वर घ्यायचे. धाप लागली असेल तर बसवायचं, पण चालवत न्यायचं नाही. डॉक्टरांनी तुमच्या मुलीला इंजेक्शन लिहून दिलं असेल, तर ते चिठ्ठीसह कार्यालयात द्या. ते कपाटात कुलूपबंद न ठेवता हॉलच्या दाराशी ठेवलं जाईल.

आता रोजच्या जेवणाबद्दल. सकाळी दूध आणि पोहे, उपमा, इडली किंवा थालीपीठ. दोन्ही वेळा पोळी किंवा भाकरी, वरण-भात, एक भाजी. सोमवारी आणि गुरुवारी उसळ, मंगळवारी व शुक्रवारी पालेभाजी. बुधवारी उकडलेलं अंडं, ज्यांना नको त्यांना केळं आणि भिजवलेले हरभरे. शनिवारी रात्री खिचडी-कढी, रविवारी दुपारी गोड. कूट आपल्या जेवणात किती ठिकाणी जातं, हे मलाही यादी करताना कळलं: कोशिंबीर, भरली वांगी, दोडक्याची आणि मेथीची भाजी, पोह्यांवरचे दाणे, सुकी चटणी. तेल आम्ही रिफाइंड सोयाबीनचं वापरतो. घाण्याचं शेंगदाणा तेल आणत नाही, कारण त्यात दाण्याची प्रथिनं उतरलेली असतात.

कूट आता फक्त रविवारी दुपारी, मागच्या खोलीत, वेगळ्या मिक्सरवर होतं आणि झाकणाच्या डब्यात राहतं. कूट घातलेल्या पदार्थाचा डाव लाल मुठीचा असतो. तो दुसऱ्या पातेल्यात गेला की ते पातेलं ॲलर्जीच्या मुलींसाठी बाद. त्यांना पंगत बसायच्या आधी वाढलं जातं, कारण गर्दीत डाव इकडचे तिकडे होतात. वाढणाऱ्या मावशी साबणाने हात धुतात. सॅनिटायझरने दाण्याचा अंश निघत नाही. पाकिटबंद पदार्थांवर ॲलर्जीच्या घटकांची सूचना छापणं बंधनकारक आहे, ती आम्ही वाचतो. सुट्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून सुटा फरसाण बंद केला आहे. गव्हाचा त्रास असलेल्या मुलींच्या फोडणीत हिंगही घालत नाही, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.

जेवणात बदल हवा असेल तर कार्यालयातून फॉर्म घ्या. त्यात 'ॲलर्जी आहे' एवढंच लिहू नका. कोणता पदार्थ, किती खाल्ला, किती वेळात काय झालं, कोणतं औषध लागलं, हे लिहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. दुधाने पोट बिघडतं आणि दुधाने अंगावर गांधी येतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मुलीला दही बहुतेक वेळा चालतं, दुसरीला ताकाचा घोटही नको. ॲलर्जीचा फॉर्म आला की त्याच जेवणापासून बदल होतो. कांदा-लसूण नको, उपवास, रोजे अशा गोष्टींसाठी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. बाजार रविवारी होतो, बदल सोमवारपासून. कारलं किंवा दुधी आवडत नाही म्हणून कृपया 'ॲलर्जी' लिहू नका. सध्या आलेल्या चौदा फॉर्मपैकी आठ तसे निघाले. ॲलर्जीची लाल खूण इतक्या ताटांवर दिसू लागली की मावशींच्या नजरेला तिचं काही वाटेनासं होतं. आवडनिवड वेगळ्या रकान्यात लिहा, जमेल तेवढं करू.

नोंद काढायची असेल तरी चिठ्ठी लागेल. 'सुट्टीत घरी खाल्लं, काही झालं नाही' एवढ्यावर आम्ही पदार्थ पुन्हा सुरू करणार नाही. एकदा त्रास झाला नाही म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही, असं नसतं.

शेवटचं, फराळाच्या डब्यांबद्दल. चिवड्यात दाणे असतातच, आणि खोलीत डबा एकीचा असला तरी हात आठ जणींचे असतात. डब्यावर कागद चिकटवून आत काय काय घातलं आहे ते लिहा आणि डबा आधी कार्यालयात द्या. दाण्याचे लाडू, चिक्की, चिवडा हे डबे या मुलीच्या खोलीत आणि शेजारच्या दोन खोल्यांत जाणार नाहीत. ते हॉलमधल्या कपाटात राहतील, मुलींनी तिथेच खाऊन साबणाने हात धुवून वर जायचं.

आपली,
गृहपाल, मुलींचे वसतिगृह