साडेदहाला वाढलेली दीडशे पानं

सोलापुरात लग्नाची कामं बघताना मी प्रत्येक केटररची नोंद ठेवते, कारण पुढच्या पार्टीला सांगताना 'जेवण छान होतं' एवढं पुरत नाही. मे महिन्यातल्या एका लग्नाची नोंद मात्र अजून अर्धीच लिहून पडली आहे. मुलीचे वडील म्हणतात, "माणूस बोगस आहे, असंच लिहा." मला ते पटत नाही, आणि चांगला म्हणायलाही हात धजत नाही.

पाचशे पानांची बोली होती. मुहूर्त 12.32 चा. सकाळी साडेदहाला वडील घामाघूम होऊन आले, "मॅडम, कलबुर्गीहून आणखी गाड्या निघाल्यात. दीडशे धरा." मी त्यांना घेऊन थेट भटारखान्यात गेले. बहुतेक केटरर अशा वेळी "होतंय की" म्हणून मोकळे होतात, आणि मग वरणात पाणी पडतं. या माणसानं आधी आचाऱ्याशी हिशेब केला. मसालेभात आणि वरणभात मिळून शंभर माणसांना दहा किलो तांदूळ, म्हणजे पंधरा किलो जादा. तो दुकानातून आणून तासाभरात शिजतो. बटाट्याची भाजी होईल, पुऱ्यांची कणीक मळता येईल. "पण मटकी आहे तेवढीच," तो म्हणाला, "भिजवून मोड यायलाच दीड दिवस जातो. जिलेबीचं पीठ रात्री आंबवलंय, ते आता वाढत नाही. शेवटच्या पंगतीला साजूक तुपातला शिरा करतो की, अर्ध्या तासाचं काम."

वडील उखडले. "एकाला जिलेबी नि एकाला शिरा? पाव्हणे नावं ठेवतील!" शिरा रद्द झाला. मग ठरलं, पानात जिलेबी दोनच, आणि आग्रह नाही. हे ऐकताना मान वडिलांनीच डोलावली होती.

वेळेच्या बाबतीत मी या माणसाला पैकीच्या पैकी देते. बाराला सगळं तयार होतं, पण वरात नाचत राहिली आणि अक्षता पडायला सव्वा वाजला. अशा वेळी पुऱ्या तळून टोपलीत रचून ठेवल्या की चामडं होतं. यानं कणकेचे गोळे ओल्या फडक्याखाली ठेवले, एक पोरगा मांडवात उभा केला, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्याचा त्याचा फोन आल्यावरच कढईखालचा जाळ मोठा केला. पहिल्या पंगतीत पुरी फुगलेली आली. लोक "जेवण उशिरा" म्हणून केटररच्या नावानं बोंब मारतात, पण उशीर बँडपाशी झालेला असतो.

घोळ पुढे झाला. कार्यालयात एका वेळी दोनशेच पानं बसतात, म्हणजे तीनऐवजी चार पंगती. पहिल्याच पंगतीत मुलीचे मामा जिलेबीचं ताट स्वतःच्या हातात घेऊन व्याह्यांच्या ओळीत फिरले. कुणाच्या पानात चार, कुणाच्या पाच. केटरर माझ्याकडे बघत होता. मामांना अडवणार कोण? चौथ्या पंगतीला जिलेबी संपली. त्यात चार वाजताच मॅनेजरनं भोजनगृहातले कूलर बंद केले, हॉलची वेळ संपली म्हणून. मे महिन्यात, सोलापुरात, लोक पानावर असताना! कार्यालयाच्या नोंदीत ते मी ठळक अक्षरात लिहिलंय.

वडिलांनी नंतर पाचशेच पानांचे पैसे देऊ केले. पण ताटं मी स्वतः मोजली होती. सातशे आली, अडतीस कोरी उरली, म्हणजे 662 पानं उठली. धुतलेली ताटं पुन्हा चळतीत मिसळली की हा हिशेब कुणालाच लागत नाही. म्हणून ती वेगळ्या टबात टाकायला लावली होती. त्या आकड्यावर वाद घालायला जागा नव्हती.

नोंद अडलीय ती वाढप्यांपाशी. भात वाढला, पुऱ्या वाढल्या, वाढणारे हात मात्र पाचशेच्या हिशेबाचेच राहिले. पहिल्या दोन पंगती निभावल्या. तिसऱ्या पंगतीपासून भाताचं भांडं एका ओळीच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत माणसं कोरडी पुरी चावत बसली होती, आणि मठ्ठा जेवण संपताना आला. भटारखान्यात मसालेभात भरपूर होता, पंगतीत लोक "भात कमी पडला" म्हणत होते. शेवटी उरलेला भात पातेलं भरून निघाला. चौथ्या पंगतीतले जे वडिलांकडे तक्रार करून गेले, त्यांना जिलेबीपेक्षा ही वाट बघणं झोंबलं असावं.

मी हे केटररला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "पोरं कुठून आणू मॅडम? त्या दिवशी सगळ्या सोलापुरात मुहूर्त होता." खरं आहे. पण जिलेबी वाढणार नाही हे जसं साडेदहाला तोंडावर सांगितलं, तसं हेही सांगितलं असतं, तर मी मुलीकडची दहा तरणी पोरं हाताशी दिली असती.