जवळचा स्पूल कोणता? शीटमधल्या एका सूत्राची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हची जुळणी करताना बॉडीच्या बोअरला, म्हणजे आरपार भोकाला, स्पूल म्हणजे त्यात सरकणारा दांडा निवडून घालावा लागतो. बोअर आणि स्पूल दोन्ही २० मि.मी.चे असले, तरी प्रत्येक नग काही मायक्रॉन इकडे-तिकडे असतो. आमच्या या व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगवर दोघांमधली फट ८ मायक्रॉन, कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त १० अशी आहे. त्यामुळे मोजलेल्या बोअरमधून ८ वजा करायचे आणि त्या आकड्याच्या सगळ्यांत जवळचा स्पूल ट्रेमधून उचलायचा. नेमका तोच आकडा क्वचितच मिळतो.

त्या दिवशी टेस्ट बेंचवर एका व्हॉल्व्हची गळती फारच जास्त आली. बोअर होता +१६, म्हणजे २०.०१६ मि.मी. स्पूल हवा होता +८. स्पूल निवडायच्या आमच्या एक्सेल शीटने दिला होता −३, म्हणजे फट १९ मायक्रॉन. आणि यादीत +८ चा स्पूल होता! ग्राइंडिंगहून आले त्या क्रमाने यादी अशी लिहिलेली होती: १, ७, −३, ९, ५, ८, −१.

शीटमध्ये जुने `INDEX(B2:B8, MATCH(E1,B2:B8,1))` होते. B2:B8 मध्ये स्पूलची यादी, E1 मध्ये हवा तो आकडा. शेवटचा १ म्हणजे 'यादी चढत्या क्रमाने आहे' असे गृहीत धरणे. मग सूत्र सगळी यादी वाचतच नाही, मधून अर्धी-अर्धी तोडत जाते. इथे मधला ९ हा ८ पेक्षा मोठा, म्हणून उजवी बाजू सोडली, खरा ८ तिथेच होता. डावीकडे मधला ७ लहान, म्हणून पुढे सरकले, तिथे −३ सापडला आणि तोच उत्तर म्हणून आला. एररसुद्धा दाखवत नाही, हे सगळ्यांत घातक.

यादी चढत्या क्रमाने लावली की भागेल, असे वाटणे साहजिक आहे. पण +४ हवा असेल तर क्रमाने लावलेल्या यादीतही हे सूत्र १ देते, कारण ते फक्त 'हव्या आकड्याएवढा किंवा त्याहून लहान' शोधते. खरा जवळचा ५ आहे. १ घातला तर फट ११ होऊन नग बाद, ५ घातला तर ७, म्हणजे पास. म्हणून प्रत्येक स्पूलचे अंतर काढून त्यातले सगळ्यांत लहान शोधणे हाच मार्ग:

```
=INDEX(B2:B8, MATCH(MIN(ABS(B2:B8-E1)), ABS(B2:B8-E1), 0))
```

जुन्या एक्सेलमध्ये हे नुसत्या एंटरने चालत नाही, `Ctrl+Shift+Enter` दाबावे लागते.

एवढ्यावर थांबलो असतो तर दुसरा घोटाळा झाला असता. वापरलेल्या स्पूलचा आकडा पुसायची इथे पद्धत आहे. वजाबाकीत रिकामा रकाना ० धरला जातो. आकडे २०.००१ असे पूर्ण लिहिले असते तर रिकाम्याचे अंतर वीसच्या घरात जाऊन तो कधीच निवडला गेला नसता. पण आमच्या मायक्रॉनच्या यादीत ० हा खराच स्पूल असू शकतो. +१ चा स्पूल वापरून पुसला, पुढच्या बोअरलाही +१ च हवा होता, आणि शीटने ० दाखवला. जुळणीवाला येऊन म्हणाला, "दादा, झिरोचा सगळा ट्रे हुडकला, मिळंना." रिकामे रकाने असे वगळले:

```
=INDEX(B2:B8, MATCH(MIN(IF(B2:B8<>"",ABS(B2:B8-E1))), IF(B2:B8<>"",ABS(B2:B8-E1)), 0))
```

मायक्रॉन सोडून मि.मी.त जायचा विचार मात्र करू नये. २०.००३ आणि २०.००५ हे २०.००४ पासून सारख्याच अंतरावर आहेत, पण संगणकात दशांश तंतोतंत साठत नाहीत. मग कोणता निवडला जाईल, हे पुसटशा फरकावर ठरते. पूर्णांकांत बरोबरी खरीच बरोबरी असते आणि यादीत आधी असलेला मिळतो. म्हणून मी यादी चढत्या क्रमाने ठेवतो, म्हणजे बरोबरीत लहान स्पूल येतो, फट जरा जास्त राहते. गळती बेंचवर कळते, अडकणारा स्पूल मात्र तेल तापल्यावर गिऱ्हाइकाकडे कळतो.

शेजारच्या रकान्यात अंतरही दाखवायला हवे. ते २ पेक्षा जास्त असेल तर 'जवळचा' मिळाला तरी घालायचा नाही, कारण सूत्र काही ना काही उत्तर देतेच.

लॉट संपवायचा असेल तर एकेक बोअर घेऊन जवळचा उचलणेही टाळावे. हवे आकडे ४ आणि ६, स्पूल २ आणि ५ समजा. ४ ला ५ दिला की ६ ला २ उरतो, अंतर ४, नग बाद. दोन्ही याद्या चढत्या लावून क्रमाने जोड्या केल्या तर ४ ला २ आणि ६ ला ५ जातो, दोन्ही पास.