नळ सोडून

रविवार, रात्री

दुपारी विश्रामबागला ताईकडे जाऊन आले. दाजींना जाऊन दीड महिना झाला. तेराव्यापर्यंत त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आज दारात दोनच चपला, तिच्या आणि पोराच्या.

चहा टाकता टाकता ती म्हणाली, "हल्ली मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. बादलीत पाणी पडत असलं की बाहेर ऐकू जात नाही."

"अगं, पण का?"

"सगळे म्हणतात ना, किती खंबीर आहेस! आता रडू कुणापुढं?"

चटका बसला. सावडायच्या दिवशी तिच्या पाठीवर हात ठेवून "मन घट्ट कर, पोराकडे बघ" म्हणणाऱ्यांत मीही होते. तेव्हा वाटलं, धीर दिला. खरं तर तिचं रडणं मलाच बघवत नव्हतं. ती गप्प झाली आणि मी सुटले. वर त्या गप्प होण्याचं चारचौघांत कौतुक केलं. मग पुढचं माणूस आलं की ती डोळे पुसूनच बाहेर येणार, दुसरं काय करणार?

पोराचं तर अजून वाईट. बारावीतला मुलगा. स्मशानातून परतताना त्याला कुणीतरी सांगितलं, "आता घरातला कर्ता तूच." तेव्हापासून तो आईसमोर रडत नाही, आणि ती त्याच्यासमोर नाही. मधे एक भिंत, अलीकडे ती, पलीकडे तो.

निघताना सवयीनं "काही लागलं तर सांग" तोंडातून गेलंच. ती "हो" म्हणाली, तसं ती सगळ्यांनाच म्हणत असणार. काय लागतंय ते आठवायचं, मग कुणाकडं तरी मागायचं, हेही तिच्याच माथी. परत टेकले आणि विचारलं, अडलंय काय नेमकं? दाजींच्या बँक खात्याचा क्लेमफॉर्म. नॉमिनी तीच आहे, मृत्यूचा दाखलाही हातात आहे, पण फॉर्म पिशवीतून बाहेर काढवत नाही. म्हटलं, "गुरुवारी अकराला येते, दोघी जाऊ." तिनं उठून कॅलेंडरवर गोल केला.

मग विचारलं, "बोलायचंय, की नुसती बसू?" नको म्हणाली असती तर नुसती बसले असते. ती म्हणाली, "त्यांचं नावच कुणी काढत नाही गं." खपली निघेल म्हणून आम्ही सगळे टाळतो. जणू ती विसरलीय, आणि आमच्या बोलण्यानंच तिला आठवणार आहे!

मी दाजींच्या भडंगाचं काढलं. किती तो लसूण! डबा उघडला की जिन्यापर्यंत वास. ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी पाणी आणायला उठणार होते. (पाणी पुढं करणं म्हणजेही 'पुरे आता' असंच की.) नाही उठले.

आतल्या खोलीचं दार वाजलं. पोरगा बाहेर आला, तिच्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "मिरच्या पण करपवायचे."