रात्रीचा वायफाय आणि राउटरचं घड्याळ

"रात्री राउटरचा वायफाय आपोआप बंद होईल असं लावलं तर वीज वाचते का? आणि मुलांच्या उशाशी लहरी कमी होतात का?"

वीज वाचते, पण ती वीज खात्याच्या बिलात शोधून सापडणार नाही. शेड्यूल लावलं की बंद होतो तो फक्त रेडिओ, म्हणजे वायफायच्या लहरी सोडणारा भाग. राउटरचा प्रोसेसर, फायबरचा भाग, मागचे केबलचे पोर्ट रात्रभर चालूच राहतात. साध्या घरगुती राउटरमध्ये रेडिओचा वाटा दीड-दोन वॅटचा असतो. दोन वॅट धरा, सात तास धरा: रात्रीला १४ वॅट-तास, म्हणजे वर्षाला जेमतेम पाच युनिट. युनिटला चार रुपये लावले तर वीस रुपये. खरंच वीज वाचवायची असेल तर भिंतीवरचं बटणच बंद करा, तीन-चार पट वाचेल. फक्त फायबरवरचा लँडलाइन आणि कॅमेरेही त्याबरोबर झोपतील.

लहरींचं उत्तर थोडं वाकडं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरी '२बी' गटात टाकल्या. धोक्याची शक्यता आहे, पण पुरावा तोकडा, असा तो गट. दुसरीकडे, १०० मिलिवॅटचा राउटर एक मीटरवर अखंड चालू धरला तरी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या हजाराव्या भागाहून कमी पडतो. घर झोपलेलं असताना तर तो बहुतेक वेळ गप्पच असतो. सेकंदाला दहाएक वेळा 'मी इथे आहे' एवढं सांगतो, बस्स. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाईवर येते. तेव्हा राउटर पलंगाच्या डोक्याशी असेल तर आधी तो हॉलमध्ये न्या, शेड्यूलचं नंतर बघू.

वाकडं कुठे, तर उशाशी ठेवलेल्या फोनमध्ये. वाळपईच्या पलीकडे एका वाड्यावर चिऱ्याचं जुनं घर आहे. भिंती दीड हात जाड, आत नेटवर्कची एखादीच काडी. सुनेने रात्री अकरा ते पहाटे पाच वायफाय बंद ठेवायला सांगितलं. पण वायफाय गेला की फोन गप्प बसत नाही, तो मोबाइल डेटावर जातो. टॉवर लांब, मध्ये जाड भिंत. मग टॉवर फोनला आवाज चढवायला लावतो. फोर-जी फोन २०० मिलिवॅटपर्यंत चढू शकतो, आणि तो डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो. बॅकअप नाहीतर मेसेज आला की थोडा वेळ का होईना, त्या उशीला हॉलमधल्या राउटरपेक्षा तोच जास्त लागतो. शिवाय त्या घरात फोनवर बोलणं वायफाय कॉलिंगवर चालतं. वायफाय गेला की आजोबांना रात्री काही झालं तर १०८ लावायला अंगणात पळायचं, तेही पावसात. म्हणून शेड्यूल लावण्याआधी एक परीक्षा घ्या: वायफाय हाताने बंद करून झोपायच्या खोलीत उभे राहा आणि कुणालातरी फोन करायला सांगा. रिंग आली नाही तर पूर्ण बंद करू नका.

नेटवर्क चांगलं असेल तर खुशाल लावा. फोंडा-मडगावात बहुतेकांचं भागतं. सेटिंग सापडतं `Wireless Schedule` अशा नावाखाली. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये कधीकधी ते लपवलेलंच असतं. मुलांचे फोन विमान मोडवर टाका, नाहीतर लहरींसाठी केलेला खटाटोप अर्धाच राहतो.

यानंतर जी तक्रार हमखास येते ती घड्याळाची. "रात्री चालू असतो आणि सकाळी ऑनलाइन तासाला जातो" असं एका काकीने सांगितलं, तेव्हा राउटर न बघताच कळलं: टाइम झोन `GMT` वर राहिलाय. अकरा ते पाच लावलेलं आपल्याकडे पहाटे साडेचार ते सकाळी साडेदहा होतं. `GMT+05:30` केलं की मिटलं. राउटरला स्वतःची घड्याळाची बॅटरी बहुधा नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो आणि इंटरनेट आल्यावर विचारून घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री वीज जाते, परत येते, पण फायबर तुटलेलाच असतो. अशा रात्री शेड्यूल भलत्याच वेळेला चालतं, किंवा चालतच नाही. काही राउटरना मध्यरात्र ओलांडणारी वेळ कळत नाही. तिथे अकरा ते बारा आणि बारा ते पाच असे दोन नियम द्यावे लागतात. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्याच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळच्या कामांच्या यादीत, दोन ओळी पुरतात:

```
0 23 * * * wifi down
0 5 * * * wifi up
```

मात्र मध्यरात्री वीज जाऊन आली तर रेडिओ चालू होऊनच उठतो आणि पुढच्या रात्रीपर्यंत तसाच राहतो. सकाळी पाचच्या आधी फोनच्या यादीत घरच्या वायफायचं नाव दिसलं, तर समजा रात्री वीज गेली होती.

वाळपईच्या घरात शेवटी राउटरच्या दोन वायफाय पट्ट्यांपैकी फक्त ५ गिगाहर्ट्झला शेड्यूल लावलं. २.४ रात्रभर चालू ठेवला, कारण चिऱ्यातून पार जातो तो तोच. आणि त्याची `Transmit Power` `Low` केली. आजोबांच्या खोलीत कॉल लागतो का ते तिथेच उभं राहून बघितलं, लागला.